परिकल्पना म्हणून लिहिलेलं वाक्य प्रत्येक वेळी उद्दिष्टच निघतं, तेव्हा काय करावं

"ही हायपोथेसिस नाही, हे ऑब्जेक्टिव्ह आहे. पुन्हा लिहा." इकॉलॉजीच्या प्रकल्पाचा प्रस्ताव परत येतो तेव्हा समासात बहुतेकदा हाच शेरा असतो. विद्यार्थी वाक्य बदलतो, दुसऱ्यांदा देतो, आणि तोच शेरा पुन्हा येतो. गेली काही वर्षं मी मुंबईतल्या एम. एस्सी.च्या मुलांचे असे प्रस्ताव वाचते आहे. शेरा बरोबर असतो, पण दुखणं कुठे आहे ते त्यातून कळत नाही, म्हणून मूल शब्द बदलत राहतं आणि विचार आहे तिथेच राहतो. इथे मी एकच प्रस्ताव घेऊन तो कसा दुरुस्त झाला ते सविस्तर सांगणार आहे. विषय खडकाळ किनाऱ्यावरच्या शंखांचा आहे, पण तुमचा विषय चिमण्या किंवा तिवरं असला तरी अडचण नेमकी कुठे येते ते ओळखू येईल.

एका विद्यार्थिनीने समुद्रभिंतीवरचे नेरिटा शंख निवडले होते. नेरिटा म्हणजे काळपट, गोलसर, बोटाच्या पेराएवढे शंख. आपल्या खडकांवर ओहोटीच्या वेळी फटींतून पुंजक्याने बसलेले दिसतात. खडकावरची शेवाळाची बारीक साय खरवडून खातात. तिने प्रस्तावात लिहिलं होतं:

> उद्दिष्ट: नैसर्गिक खडक आणि समुद्रभिंत यांवरील नेरिटांच्या संख्येची तुलना करणे.
> परिकल्पना: समुद्रभिंतीचा नेरिटांच्या संख्येवर परिणाम होतो.
> भाकीत: खडक आणि भिंत यांवरील नेरिटांच्या संख्येत फरक आढळेल.

ही तीन वाक्यं मोठ्याने वाचून पाहा. तुलना करणार, परिणाम होतो, फरक आढळेल. एकच गोष्ट तीनदा सांगितली आहे. "परिणाम होतो" हे वाक्य तर खोटं ठरण्याची सोयच नाही: शंख कमी निघाले तरी परिणाम, जास्त निघाले तरी परिणाम. कसलाही निकाल लागला तरी बरोबर ठरणारं वाक्य तपासता येत नाही.

वाक्याचा कर्ता कोण, ते आधी पाहा

निदानाची सर्वांत सोपी खूण व्याकरणात आहे. उद्दिष्टाच्या वाक्यात कर्ता आपण असतो: आम्ही मोजू, तुलना करू, नोंद ठेवू. परिकल्पनेत आपण नसतोच. तिथे कर्ता असतो शंख, भिंत, ऊन, लाट. आपण प्रकल्प केला नाही तरी ते वाक्य जगात खरं किंवा खोटं असतंच. भाकितात कर्ता असतो आपल्या वहीतला आकडा: अमुक जागी, अमुक वेळी, अमुक मोजलं तर ते तमुकपेक्षा जास्त भरेल.

दुसरी खूण म्हणजे "कारण" हा शब्द. परिकल्पनेत तो उघड नसला तरी घालता आला पाहिजे. "भिंतीवर नेरिटा कमी आहेत, कारण..." यापुढे काही लिहिता येत नसेल तर तुमच्याकडे अजून परिकल्पना नाही, फक्त निरीक्षण आहे. "भिंतीवर संख्या कमी असेल" हे वाक्य पुष्कळ मुलं परिकल्पनेच्या मथळ्याखाली लिहितात. ते वाईट नाही, पण ते भाकीत आहे आणि तेही पोरकं. कुठल्या कारणातून ते निघालं हे सांगितलेलं नाही.

या गोंधळाला मराठीत आणखी एक वाट आहे. काही पुस्तकांत हायपोथेसिसला "गृहीतक" म्हणतात. आपल्या कानाला गृहीतक म्हणजे गृहीत धरलेली गोष्ट, जी तपासायची नसते. मग मुलं प्रामाणिकपणे तेच लिहितात: "खडकाळ किनाऱ्यावर जैवविविधता असते." म्हणून मी परिकल्पना हा शब्द वापरते आणि गृहीत धरलेल्या गोष्टींसाठी वेगळा परिच्छेद लिहायला लावते. या मुलीच्या प्रस्तावात एक गृहीत खरोखरच महत्त्वाचं होतं: ओहोटीला कालवं काढायला माणसं खडकांवर येतात, आणि त्यांच्या वावराचा त्रास सगळ्या जागी साधारण सारखा आहे असं ती धरून चालली होती. हे ती तपासणार नव्हती. पण ते लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याला शंका घेता येते.

आणि शून्य परिकल्पना, म्हणजे "फरक नाही" असं म्हणणारं संख्याशास्त्रातलं वाक्य, तिला इथे जागा देऊ नका. ती विश्लेषणाच्या भागात जाते. शंखांबद्दल ती काहीच सांगत नाही.

दोन तास किनाऱ्यावर बसा, मग लिहा

तिला मी विचारलं, "भिंतीवर शंख कुठे बसलेले होते?"

"भिंतीवर, मॅडम."

"भिंतीवर कुठे?"

तिने पाहिलं नव्हतं. ती शंख मोजून आली होती, पण ते कुठे बसले आहेत याची नोंद केली नव्हती. मी तिला वही घेऊन पुन्हा पाठवलं आणि मोजू नकोस, नुसतं पाहा, असं सांगितलं. परत आली तेव्हा तिच्याकडे एक चांगलं निरीक्षण होतं. भिंतीच्या दगडांच्या सपाट तोंडावर जवळजवळ एकही शंख नव्हता. होते ते सगळे दोन दगडांमधल्या दर्जांत, जिथे सिमेंट झिजून खाच पडली होती. नैसर्गिक खडकावर मात्र ते सपाट जागीही बसलेले होते.

आता "कारण" विचारता येतं. तिने दोन कारणं काढली आणि तिसरं मी सुचवलं.

पहिलं उष्णतेचं. ओहोटीत उघडी पडलेली सपाट भिंत उन्हात तापते आणि सुकते. ओलावा टिकतो तो फक्त फटीत, म्हणून शंख तिथेच टिकतात. दुसरं लाटांचं. सपाट उभ्या भिंतीवर लाट थेट आदळते आणि शंख सुटून पडतात. फटीत बसलेला तेवढा वाचतो. तिसरं अन्नाचं: भिंतीवर शेवाळाची साय पातळ आहे. तिसऱ्यासाठी साय खरवडून प्रयोगशाळेत हरितद्रव्य मोजावं लागतं. तिच्याकडे त्याची सोय नव्हती, म्हणून प्रस्तावात तिने सरळ लिहिलं की ही शक्यता आहे आणि या प्रकल्पात ती तपासलेली नाही. असं लिहिल्याने प्रस्ताव कमकुवत होत नाही.

एकाऐवजी अनेक कारणं समोर मांडायची ही पद्धत जुनी आहे. भूशास्त्रज्ञ चेंबरलिन यांनी १८९० मध्ये तिचा आग्रह धरला होता. त्यांचा मुद्दा असा की एकच कारण मनात असलं की माणूस त्याच्या प्रेमात पडतो. प्रस्तावाच्या दृष्टीने माझा अनुभव आणखी साधा आहे. प्रतिस्पर्धी कारण शेजारी लिहिल्याशिवाय आपलं भाकीत किती निकामी आहे ते दिसतच नाही.

जे भाकीत दोन्ही कारणांतून निघतं, ते काहीच ठरवत नाही

तिचं पुढचं लेखन असं आलं: "उष्णतेमुळे भिंतीवर शंख कमी असतील तर ते फटींमध्ये जास्त सापडतील." वाक्य नीट बांधलेलं आहे. जर आहे, तर आहे, दिशाही आहे. पण लाटांचं कारण खरं असेल तरीही शंख फटींतच जास्त सापडतील. म्हणजे हे भाकीत खरं निघालं तरी उष्णता की लाटा हे कळणार नाही. शिवाय हे तिने आधीच डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्या निरीक्षणातून परिकल्पना सुचली तेच पुन्हा मोजून तिला पुरावा म्हणता येत नाही.

म्हणून प्रत्येक भाकितापुढे एक प्रश्न लिहा: दुसरं कारण खरं असतं तर इथे काय दिसलं असतं? उत्तर तेच आलं तर ते भाकीत खोडा.

हे नीट केलेलं पाहायचं असेल तर इकॉलॉजिस्ट जोसेफ कॉनेल यांचं १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम पाहावं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर थॅमॅलस नावाचं बार्नॅकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा कवचवाला प्राणी, खडकाच्या वरच्या पट्ट्यात असतं आणि बॅलॅनस हे दुसरं बार्नॅकल त्याच्या खाली. थॅमॅलस खाली का नाही? एक कारण असं असू शकतं की त्याला जास्त वेळ पाण्याखाली राहणं सोसत नाही. दुसरं असं की बॅलॅनस त्याला जागा उरू देत नाही. नुसतं "थॅमॅलस वर जास्त सापडेल" हे भाकीत दोन्हींतून निघतं. कॉनेल यांनी खालच्या पट्ट्यात काही जागी बॅलॅनस काढून टाकलं. पाणी सोसत नसेल तर थॅमॅलस तिथे तरीही मरायला हवं. जागेची मारामारी असेल तर जगायला हवं. ते जगलं. दोन कारणांचे रस्ते जिथे फुटतात, नेमक्या त्या जागी त्यांनी पाहिलं.

आपल्या मुलीला भिंतीवरून काही काढायचं नव्हतं, नवं काही बसवायचीही परवानगी नव्हती. तिला असा फाटा नुसत्या निरीक्षणात शोधायचा होता.

पहिला फाटा फसला: पहाट आणि दुपार

तिला सुचलं ते हुशारीचं होतं. उष्णता कारण असेल तर दुपारच्या ओहोटीला शंख फटींत असतील आणि पहाटेच्या ओहोटीला सपाट जागेवर पसरलेले असतील. लाटा कारण असतील तर पहाट आणि दुपार यांत फरक पडायचं कारण नाही. कागदावर हे चोख दिसतं, पण मुंबईच्या समुद्रात ते बसत नाही.

कोकणातला जुना हिशेब पुष्कळांना माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या सुमारास, आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी आणि नंतर, पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीला आठची पाऊणपट सहा; भरती सकाळी सहाला, म्हणून ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. हा अंदाजाचा हिशेब आहे, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यावी, पण नियम पक्का आहे: आपल्याकडे पहाटेची ओहोटी उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास येते आणि भर दुपारची ओहोटी भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास. दोन्हींमध्ये जवळजवळ आठवडा जातो.

आणि पाण्याची पातळीही वेगळी. मुंबईत उधाणाच्या ओहोटीला पाणी तक्त्यातल्या शून्यापासून सरासरी पाऊण मीटरच्या आसपास उतरतं. भांगाच्या ओहोटीला ते पावणेदोन-दोन मीटरवरच थांबतं. म्हणजे पहाटेची मोजणी आणि दुपारची मोजणी यांत ऊन तेवढं वेगळं नाही. पाणी किती उतरलं, भिंत किती वेळ उघडी होती, आदल्या भरतीला पाणी किती वर चढलं होतं, हे सगळंच वेगळं आहे. शंख पहाटे पसरलेले दिसले तर ते उन्हाअभावी की उधाणाने भिंत ओली केली म्हणून, हे सांगता येणार नाही. त्याच भांगाच्या दिवशी मध्यरात्रीची ओहोटीही असते आणि ती तुलना जास्त रास्त ठरेल. पण अंधारात ओल्या दगडांवर विद्यार्थ्यांना पाठवणं मला मान्य नाही. तो मार्ग मी बंद केला.

यातून आणखी एक गोष्ट निघाली, जी तिच्या सगळ्या कामाच्या मुळाशी होती. तोवर ती किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांतच जात होती, कारण तेव्हा पाणी सर्वांत जास्त उतरतं आणि खूप खडक दिसतो. त्या ओहोट्या पहाटे आणि संध्याकाळच्या. उष्णतेची परिकल्पना लिहून तिने भर दुपारी भिंत पाहिलेलीच नव्हती. शिवाय दोन मीटरच्या खालचा पट्टा भर दुपारी जवळजवळ नेहमी पाण्याखाली असतो; तिथे दुपारच्या उन्हाचा प्रश्नच येत नाही. उष्णतेची परिकल्पना तपासायची तर मोजणीचा पट्टा त्याच्या वर हवा. तिने अडीच ते तीन मीटरचा पट्टा धरला. तो शोधायची रीत सोपी आहे. समुद्र शांत असताना तक्त्यावरून पाणी अडीच मीटरवर असण्याची वेळ काढायची, त्या वेळी भिंतीवर पाण्याच्या रेषेला खडूने खूण करायची आणि तिथून वर अर्धा मीटर मोजायचा.

दुसरा फाटा: ऊन आणि सावली, पण लाटांपासून सोडवून

मग तुलना एकाच दुपारच्या ओहोटीला करायची: भिंतीचे काही तुकडे उन्हात, काही सावलीत. पाणी सारखं, वेळ सारखी, ऊन वेगळं. तिने ठरवलं की दक्षिणेकडे तोंड असलेले तुकडे उन्हातले आणि उत्तरेकडचे सावलीतले. जानेवारीत मुंबईत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे चांगलाच कललेला असतो, त्यामुळे उभ्या दक्षिणमुखी भिंतीवर ऊन नीट पडतं. (एप्रिलमध्ये उकाडा जास्त, म्हणून तेव्हा मोजावं, असं तिचं आधीचं म्हणणं होतं. पण मेच्या मध्याला सूर्य आपल्या डोक्यावर येतो आणि एप्रिलपासूनच उभ्या भिंतीवर ऊन तिरपं घसरतं. हवा तापलेली असणं आणि भिंत तापलेली असणं एकच नाही.)

तरीही इथे पुन्हा तोच जुना दोष शिरला होता, फक्त या वेळी तो वाक्यात नव्हता, नकाशात होता. पावसाळ्यात आपल्याकडे लाटा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतात. म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत उन्हातली आणि लाटांचीही. उत्तरेकडची सावलीतली आणि आडोशाचीही. दक्षिणेच्या तुकड्यांवर शंख फटींतच सापडले तर उष्णतेवाला म्हणेल माझं खरं, लाटांवालाही म्हणेल माझं खरं.

म्हणून जागा चार प्रकारच्या लागल्या. उन्हातल्या आणि लाटांच्या. सावलीतल्या आणि आडोशाच्या. या दोन सहज मिळतात. खरी किंमत उरलेल्या दोनांची आहे: ऊन आहे पण आडोसा आहे, जसं टेट्रापॉडच्या रांगेमागची किंवा खाडीच्या तोंडाशी आत वळलेली दक्षिणमुखी भिंत, आणि सावली आहे पण लाटा आहेत, जसं पुढे आलेल्या बांधकामाच्या किंवा झाडाच्या सावलीत येणारा, समुद्राकडे उघडा तुकडा. अशा जागा शोधायला तिला तीन रविवार लागले. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत तिने आधी उन्हातली म्हणून लिहिली होती. ती दुपारपर्यंत सावलीत असते. शेवटी नियम केला की मोजणीआधी निदान तासभर ज्याच्यावर थेट ऊन आहे तोच तुकडा उन्हातला.

प्रत्येक प्रकारचे चार तुकडे, एकूण सोळा. तिचं मूळ नियोजन होतं एक उन्हातला तुकडा, एक सावलीतला, आणि प्रत्येकावर शंख मोजायच्या वीस चौकटी. वीस चौकटी असल्या तरी ती तुलना दोनच भिंतींची. त्या दोन भिंतींत उन्हाखेरीज जे काही वेगळं आहे ते सगळं उन्हाच्या नावावर चढतं. इकॉलॉजिस्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला नाव दिलं, सूडोरेप्लिकेशन, म्हणजे पुनरावृत्तीचा आभास. म्हणून चौकटी कमी आणि तुकडे जास्त. प्रत्येक तुकड्यावर पीव्हीसी पाइपच्या २५ सेंटिमीटर बाजूच्या पाच चौकटी, प्रत्येकीत फटीतले शंख वेगळे, सपाट जागेवरचे वेगळे, आणि फटींची एकूण लांबी. पाचांची बेरीज करून तुकड्याचा एकच आकडा. फटींची लांबी मोजायची ती एवढ्यासाठी की ज्या भिंतीला दर्जाच जास्त, तिथे फटीत शंख जास्त असणारच. लांबी साधारण सारखी असलेलेच तुकडे घ्यायचे.

एका दुपारी तीन तुकडे होतात. भांगात अष्टमी, नवमी, दशमी असे तीन दिवस कामाचे. दशमीला ओहोटी दीड-पावणेदोनला जाते, तेही चालतं. महिन्यात भांग दोनदा, म्हणजे सहा दुपारी. अठरा तुकड्यांची जागा आहे, सोळा बसतात.

दुरुस्त झालेलं पान

आता तिचं पान असं झालं:

> उद्दिष्ट: समुद्रभिंतीवरील नेरिटा फटींपुरते का मर्यादित राहतात, याची दोन संभाव्य कारणे जानेवारीतील भांगाच्या ओहोटीत १६ तुकड्यांवर तपासणे.
>
> परिकल्पना १: दुपारच्या ओहोटीत सपाट भिंत तापून सुकते, नेरिटा तेथे टिकत नाहीत, फटीतील ओलाव्यात टिकतात.
> भाकीत १अ: अडीच ते तीन मीटरच्या पट्ट्यात उन्हातल्या तुकड्यांवर सपाट पृष्ठभाग त्याच भिंतीतील फटीपेक्षा जास्त तापलेला असेल, सावलीत हा फरक कमी असेल.
> भाकीत १आ: फटींत बसलेल्या नेरिटांचा हिस्सा उन्हातल्या तुकड्यांवर सावलीतल्यापेक्षा जास्त असेल, आणि हे लाटांच्या व आडोशाच्या दोन्ही जागी दिसेल.
>
> परिकल्पना २: लाटांच्या माऱ्याने सपाट भिंतीवरील नेरिटा सुटून पडतात, फटींतले वाचतात.
> भाकीत २: फटींतला हिस्सा लाटांच्या तुकड्यांवर आडोशाच्या तुकड्यांपेक्षा जास्त असेल, आणि हे उन्हात व सावलीत दोन्हीकडे दिसेल.

१अ हे भाकीत तिने नंतर घातलं आणि मला ते सर्वांत आवडलं. त्यात शंख नाहीतच. उष्णतेची परिकल्पना एक साखळी आहे: ऊन, मग तापलेला दगड, मग शंखाचं हटणं. पहिलीच कडी नसेल तर पुढचं मोजायचं कारण नाही. इन्फ्रारेड तापमापकाने सपाट दगड आणि शेजारची फट यांचं तापमान घ्यायला तुकड्यामागे काही मिनिटं पुरतात. सपाट दगड आणि फट सारखेच तापलेले निघाले तर परिकल्पना १ तिथेच मोडते, १आ खरं निघालं तरी. तापमापक भिंतीजवळ धरावा लागतो, नाहीतर त्याच्या टप्प्यात फटीबरोबर आजूबाजूचा दगडही येतो आणि फट आहे त्यापेक्षा गरम दिसते.

एक उणीव राहिली होती. "जास्त असेल" म्हणजे किती? शंभरात एकाने जास्त असलं तर चालेल? तिने ठरवलं की फटींतला हिस्सा शंभरात किमान वीसने जास्त असेल तरच भाकीत टिकलं म्हणायचं. वीसच का, तर सपाट आणि फट यांच्या सीमेवर बसलेला शंख कुणीकडे धरायचा यात तिची आणि तिच्या मैत्रिणीची मोजणीच शंभरात सात-आठने हुकत होती. त्याहून लहान फरक दगडाचा की मोजणाऱ्याचा हे कळलं नसतं. हा आकडा मोजणीच्या आधी लिहिलेला असला पाहिजे. नंतर लिहिला तर तो हमखास निकालाच्या जरा खालीच बसतो.

मग प्रस्तावाच्या शेवटी चार निकालांचे चार अर्थ तिने चार ओळींत लिहिले. फक्त उन्हाने फरक पडला तर परिकल्पना १ टिकली, २ गेली. फक्त लाटांनी पडला तर उलट. दोन्हींनी पडला तर दोन्ही कारणं एकत्र काम करतात. ही कारणं एकमेकांना वगळणारी नाहीत, हे तिने स्पष्ट लिहिलं. कशानेच पडला नाही तर दोन्ही गेली, आणि सायीच्या जाडीचा न तपासलेला प्रश्न पुढे येतो.

या आराखड्याची मर्यादाही तिथेच नोंदवली. हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. सावलीतल्या भिंतीवर सायही वेगळी असू शकते, कारण सायीलाही ऊन लागतं. म्हणून परिकल्पना १ टिकली तर "उष्णता हेच कारण" असं लिहिता येणार नाही. "निकाल उष्णतेशी जुळतो, लाटांशी जुळत नाही" एवढंच लिहिता येईल. त्यापुढचं पाऊल म्हणजे भिंतीवर सावलीचं जाळं बांधणं, आणि त्यासाठी परवानगी काढावी लागेल.

प्रस्ताव मंजूर होऊन आला तेव्हा समासात एकच प्रश्न होता: कालवं काढणारे या सोळांपैकी किती तुकड्यांवर येतात? तिने वहीत त्यासाठी एक रकाना वाढवला आहे, आणि जानेवारीतल्या पहिल्या अष्टमीला ती भिंतीवर असेल.